आबांचं ‘नो प्रॉब्लेम’ आणि माझं कडक फ्रेंच

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. घरी जाऊन, चहा पिऊन, शांतपणे लिहायला बसले तर मी त्याला शहाणपणाचा रंग लावीन, आणि तसं नकोय. कंपनीची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकलीय. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि ड्रायव्हरकाकांनी इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतलाय, म्हणजे भरपूर वेळ आहे. मोबाईलवर टाइप करतेय, चुका झाल्या तर समजून घ्या.

आज आबांचा ऑफिसमधला शेवटचा दिवस होता. आणि तो आज नसता, म्हणजे आणखी दोन वर्षांनी असता, जर मी एक ईमेल लिहिला नसता. म्हणजे, तेवढंच कारण नाही. पण ऐका.

आमची कंपनी पाऊच भरायची मशीनं बनवते. केचप, शेजवान चटणी, असले काहीतरी घट्ट पदार्थ मापात पाऊचमध्ये सोडायचं मशीन. बाकी सगळं आम्ही इथे करतो, भोसरीतून करून घेतो, पण माप सोडणारा पंप फ्रान्समधून येतो. तिकडच्या एका छोट्या गावातली घरची कंपनी आहे. आबा आमचे परचेसचे साहेब. सगळे त्यांना आबाच म्हणतात, मोठे सर म्हणजे मालकसुद्धा. चाकणजवळच्या गावातले, घरची जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा स्टोअरमध्ये लागले आणि चढत चढत परचेसच्या खुर्चीत आले. या महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण. मोठे सर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले होते, “आबांना कोण सोडतंय? दोन वर्षं वाढवून घेऊ.” कागदावर काही नव्हतं. पण आबा तेव्हापासून असे खुशीत, की रोज जेवणानंतर स्वतः चार जणांना चहा पाजायचे. घरी बसायची त्यांना भीतीच वाटायची. मला एकदा म्हणाले होते, “रानात जायचं म्हणलं तर रान न्हाई. मग सकाळी उठून जायचं कुटं माणसानं?”

आणि मी? मी कॉलेजात फ्रेंच घेतलं कारण मैत्रिणीने घेतलं होतं. मग आवडलं, मग परीक्षा देत गेले. हिंजवडी-माणच्या आयटी कंपन्यांत सगळीकडे ‘कळवतो’ ऐकून झाल्यावर इथे लागले, ज्युनिअर परचेस म्हणून. दापोडीहून रोज नाशिक फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून ही बस. पहिल्या आठवड्यात आबा म्हणाले, “पोरी, तुला ती भाषा येती ना? मग आता बाईचं खरं काय ते कळंल.”

बाई म्हणजे तिकडच्या कंपनीतली मादाम. ऑर्डरी घेणं, माल पाठवणं, सगळं तीच बघते. आबांची आणि तिची कित्येक वर्षांची ओळख, आणि गंमत म्हणजे दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. दोघंही मोडकंतोडकं इंग्रजी लिहायचे. तिने बर्फ पडलेल्या अंगणाचा फोटो पाठवला की आबा मेहुण्याच्या कांद्याच्या चाळीचा पाठवायचे. मी आल्यावर मजाच! आबा मराठीत बोलायचे, मी फ्रेंचमध्ये टाकायचे. “तिला म्हणावं, कांदा यंदा सडला, पण आमी मजेत हाय.” कांदा सडला हे फ्रेंचमध्ये लिहिणारी आख्ख्या पट्ट्यात मी एकटीच असणार. मादाम खूश होऊन उत्तर द्यायची आणि खाली नेहमी ‘बियाँ कोर्दियालमाँ’. म्हणजे आपुलकीने, मनापासून, तसं. मी वाचून दाखवलं की आबा मान हलवायचे, जसं काही ती समोरच बसलीय.

तर झालं असं, की सांगलीकडच्या एका केचपवाल्याची आठ मशीनं होती. आठ पंप मागवले. ऑर्डर स्वीकारताना मादामच्या कंपनीने जी तारीख दिली होती ती गेली, पुढचा महिनाही जवळजवळ गेला, आणि एके दिवशी गेटवर लाकडी खोके आले. स्टोअरवाल्यांनी पट्ट्या कापल्या, मोजले. पाच!

पाच पंप. सोबतच्या पॅकिंग लिस्टवरही पाच, बिलावरही पाचाचेच पैसे, आणि खाली एक ओळ, ‘सोल्द आ स्विव्र’. बाकी माल मागून येतोय. माझं डोकंच फिरलं. मागून येतोय म्हणजे? कुणाला विचारलं? उशीर तो उशीर, वर अर्धा माल, आणि लिहिलंय किती निवांतपणे!

केचपवाल्याचा फोन आला तो थेट मोठ्या सरांना. त्याला आठही मशीनं एकाच वेळी बसवायची होती, त्याचा टोमॅटोचा सीझन होता. तो आमच्या बिलातून पैसे कापणार म्हणाला. मोठ्या सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी टेबलावर हात आपटत होते.

“इंग्लिशमध्ये लिहिलं की हे लोक गुळमुळीत उत्तर देतात,” ते मला म्हणाले. “त्यांचा डायरेक्टर इंग्लिश वाचतच नाही. तू फ्रेंचमध्ये लिही. कडक. उशिराची भरपाई, अपुऱ्या मालाची भरपाई, सगळं माग. डायरेक्टरला कॉपी टाक.”

मी हो सर म्हणाले आणि खरं सांगते, मला आनंद झाला होता! इतकी वर्षं ‘माझं नाव अमुक आणि मला चीज आवडतं’ लिहिलं, आता पहिल्यांदा माझं फ्रेंच लढाईवर निघालं होतं.

 केबिनमधून बाहेर आल्यावर जिन्यात आबा म्हणाले, “एवढं कडक कशाला पण? फोन लाव की तिला.”

“आबा, मोठे सर म्हणाले ना.”

“म्हणतेत ते. तू जरा सांभाळून लिही.”

सांभाळून! मी काय सांभाळणार होते? मी वहीत शब्द काढत बसले. एक सांगते, फ्रेंचमध्ये तक्रार लिहायची म्हणजे शिवीगाळ नाही हं, उलट आवाज अजिबात न चढवता लिहायचं. ‘कृपया जमेल का’ छापाची वाक्यं काढून टाकायची. ‘आम्हाला खेदाने नमूद करावं लागतंय’ असं सुरू करायचं. विषयात ऑर्डर नंबर. मग तारखा ओळीने, कबूल केलेली कोणती, माल प्रत्यक्ष निघाला ती कोणती. इथे मी हुशारी केली. माल चाकणला कधी पोहोचला ते नाही धरलं, कारण विमान आणि कस्टम आमच्या जबाबदारीत होतं. त्यांच्या दारातून माल आमच्या ट्रान्सपोर्टरच्या हातात द्यायचा होता, म्हणून त्या ट्रान्सपोर्टरच्या पावतीवरची तारीख धरली. उशिराच्या दंडाचं कलम ऑर्डरमध्ये होतंच, आठवड्याला अर्धा टक्का, त्याचा नंबर टाकला. मग अपुरा माल, त्यामुळे झालेलं नुकसान, केचपवाला कापणार ते पैसे, दुसऱ्यांदा माणसं सांगलीला पाठवायचा खर्च, सगळ्याचे कागद सोबत. उरलेले तीन पंप तुमच्या खर्चाने विमानाने पाठवा. आठ दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर आम्हाला पुढची पावलं उचलावी लागतील. आणि मधोमध ‘मीझ आँ दमर’. रीतसर ताकीद म्हणा, वकिलाच्या नोटिशीत असतो तसला शब्द. तो टाइप करताना माझ्या अंगावर काटा आला होता!

मग मी आबांना मराठी करून वाचून दाखवलं. आमच्या डिझाईनमधला पोरगा मागे उभा राहून ऐकत होता. “आयला,” तो म्हणाला, “ही तर फ्रान्सवर केसच टाकतेय. आबा, तुमच्या मैत्रिणीचं काय खरं नाही आता.”

“तू तुझी ड्रॉइंगं बघ,” आबा म्हणाले. पण हसले नाहीत.

एका वाक्यावर मी थांबले. लिहिलं होतं, ‘आमच्याशी कोणतीही पूर्वचर्चा न करता आणि आमच्या संमतीशिवाय आपण अपुरा माल पाठवलात.’ मी विचारलं, “आबा, हे बरोबर आहे ना? त्यांनी आपल्याला न विचारताच पाठवला ना?”

मी विचारलं होतं. हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं. पण मी कसं विचारलं? स्क्रीनकडे बघत, एक बोट सेंडच्या बटणाजवळ ठेवून, उत्तर माहीत असल्यासारखं.

त्याच वेळी मोठे सर दारात आले. “झालं का?”

आबांनी चहाचा कप उचलला. कपात चहा नव्हता, मला दिसत होतं. ते म्हणाले, “लिही तू. सर म्हणतेत तसं लिही.”

आणि मी पाठवला.

शुक्रवारी उत्तर आलं. मादामकडून, डायरेक्टर कॉपीत, मोठे सर कॉपीत, सोबत एक फाईल. मोठ्या सरांनी आम्हा दोघांना परत केबिनमध्ये घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. “वाच. मराठीत सांगत जा.”

मी उड्या मारत वाचायला लागले, खरंच. पहिलाच परिच्छेद, उशीर झाला हे मान्य! दंडाचं कलम मान्य! तेवढ्या रकमेचं क्रेडिट पुढच्या बिलात देतील. उरलेले पंप तयार आहेत, त्यांच्या खर्चाने विमानाने निघतील. “सर, मानलं त्यांनी!” मी म्हणाले. मोठे सर पहिल्यांदा हसले. “बघा आबा, फ्रेंचमध्ये लिहिलं की असं.”

आणि मग दुसरा परिच्छेद. मी डोळ्यांनी पुढे गेले आणि तोंड बंद झालं.

‘अपुऱ्या मालाबद्दलची आपली मागणी मात्र आम्ही स्वीकारू शकत नाही. माल रवाना होण्याच्या आधी आम्ही आपल्या कंपनीला विचारलं होतं. आपल्या परचेस प्रमुखांनी त्याला लेखी होकार दिला होता. तो ईमेल सोबत जोडला आहे.’

 त्या खोलीत फ्रेंच येणारी मी एकटी. अर्ध्या सेकंदात डोक्यात काय काय येऊन गेलं. म्हणावं का, की ‘सर, बाकीचं कायदेशीर आहे, मी लिहून देते’? तेवढ्यात आबांना बाहेर गाठून बोलता आलं असतं. पण ती फाईल इंग्रजीत होती, आणि ती मोठ्या सरांच्या मेलमध्येही होती.

“पुढे काय?” मोठे सर म्हणाले.

मी आबांकडे पाहिलं. त्यांना फ्रेंच येत नाही, पण माझं तोंड त्यांना वाचता येतं. ते म्हणाले, “वाच पोरी. जे हाय ते वाच.”

मी वाचलं. मग फाईल उघडली. आबांनी मोबाईलवरून पाठवलेला ईमेल, दीड ओळ. ‘नो प्रॉब्लेम मॅडम. सेंड रेडी पंप्स. बॅलन्स लेटर. वुई विल अॅडजस्ट.’

 मग आबांनी सांगितलं. तिच्याकडच्या तपासणीच्या खात्यातली दोन माणसं एकदम सोडून गेली होती. पाच पंप तपासून तयार होते, तीन तपासायचे राहिले होते, आणि आणखी थांबलं तर सगळंच थांबणार होतं. तिने विचारलं, आहेत तेवढे पाठवू का. आबांनी भोसरीच्या शेडवाल्यांना म्हणतात तसं म्हटलं, पाठवा, बघू आपण. आमच्याकडे हे रोज चालतं हो! कुणाची लाईट गेली, कुणाचा ऑपरेटर गावाला गेला, अर्धा लॉट आज, अर्धा सोमवारी, सांभाळून घ्या. आज तुम्ही त्यांना, उद्या ते तुम्हाला. त्याचा कागद कुणी करत नाही, आणि झालाच तर कुणी कुणाला दाखवत नाही.

“आबा,” मोठे सर म्हणाले, आवाज अगदी खाली, “मला सांगायचं ना.”

“सांगणार होतो. पर त्या दिशी तुमी लई तापला होता. मला वाटलं, दंडाचं तेवढं मिळंल आणि बाकीचं बाई काय बोलायची न्हाई.”

“का नाही बोलायची? आपण तिला तिच्या डायरेक्टरसमोर खोटं पाडलं की हो. तिने दुसरं काय करायचं?”

आबा त्यावर म्हणाले, “व्हय. तिचं बरोबर हाय.” आणि खाली बघत राहिले.

बस जरा हलली. परत थांबली.

आरडाओरडा झाला नाही, चौकशी झाली नाही. उशिराची भरपाई आली. केचपवाल्याने कापलेले पैसे आमच्याच अंगावर राहिले, कारण तुम्हीच संमती दिलीत म्हटल्यावर ते कुणाकडे मागणार? तीन पंप आले, मशीनं गेली. पण दोन वर्षं वाढवायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. नाही म्हणाले असं नाही हं. नुसता काढलाच नाही. महिना संपत आला तेव्हा एचआरवाल्या ताई आबांकडे फॉर्म घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “सत्काराला कुठलं पेन चालेल, आबा?” त्यांनी सही केली. त्या दिवशी जेवणानंतर चहा कुणी मागवला नाही.

आणि मादाम. ती आजही चोख उत्तर देते, त्याच दिवशी. पण खाली ते ‘बियाँ कोर्दियालमाँ’ नाही. आता पूर्ण लांबलचक वाक्य असतं, ‘माझ्या सादर अभिवादनाचा स्वीकार व्हावा’ वगैरे, फ्रेंच सरकारी पत्रात असतं तसं. तशी सुरुवात मीच केली होती ना, त्या तक्रारीत. माझ्याच ईमेलखालचं वाक्य तिने मला परत केलंय. बर्फाचा फोटो नाही. आणि आबांनीही नंतर एकदासुद्धा विचारलं नाही, ‘काय म्हणती बाई?’ आधी रोज विचारायचे.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? ईमेल चुकीचा नव्हता. मी आजही तो काढून वाचते, एक वाक्य सोडलं तर मस्त आहे, कुणालाही दाखवीन. पण मला दोन ओळी लिहायला काय झालं होतं आधी? ‘मादाम, पाचच पंप आलेत, हे आपलं आधी ठरलं होतं का?’ एवढंच. ती ‘हो’ म्हणाली असती, मी आबांना बाजूला घेतलं असतं, आबांनी मोठ्या सरांना स्वतः सांगितलं असतं, ते दहा मिनिटं चिडले असते आणि मग फक्त उशिराची भरपाई मागितली असती. तेवढीच तर मिळाली शेवटी! मला ताकीद द्यायची घाई होती. मी त्या शब्दाच्या प्रेमात पडले होते.

आणि आबांनीही त्या दिवशी जिन्यात सांगायला हवं होतं ना? की सांगितलं होतं? ‘फोन लाव की तिला’, ‘सांभाळून लिही’. ते त्यांच्या पद्धतीने सांगतच होते बहुतेक. मला वाटलं म्हातारा माणूस घाबरतोय.

आज दुपारी सत्कार झाला. शाल, नारळ, पेन. मोठे सर चांगलं बोलले, आणि ते खोटं नव्हतं. नंतर आबा माझ्या टेबलाशी आले. ड्रॉवर रिकामा करून झाला होता, हातात एक पिशवी, त्यात चहाचा कप.

“बाईला एक लिहितीस का माझ्याकडनं?”

“सांगा ना आबा.”

त्यांनी बराच विचार केला. “लिही की, मी आजपासनं घरी. आता परचेस ही पोरगी बघंल, हुशार हाय.” मग थांबले. “आणि लिही की त्या ईमेलचा राग न्हाई. तुमाला दाखवावा लागला, तुमची चूक न्हाई. आमीच तुमाला अडचणीत टाकलं.”

मी टाइप करत होते आणि अक्षरं दिसत नव्हती. “आबा, ते ‘आमीच’ म्हणजे मी पण ना?”

“तू कशाला? तू लिवलंस, मी लिवू दिलं.” मग एकदम हसले, पहिल्यासारखे. “आणि कांद्याचं लिही. यंदा बरा हाय म्हणावं.”

मी लिहिलं. कांदा यंदा बरा आहे. खाली काय लिहायचं यावर मात्र अडले. शेवटी ‘बियाँ कोर्दियालमाँ’ लिहिलं आणि त्याखाली फक्त आबांचं नाव. ते पिशवी घेऊन गेटकडे गेले, वॉचमनने त्यांची पिशवी तपासायला घेतली, मग लाजला आणि बंद केली. आबाच म्हणाले, “बघ की, नियम हाय,” आणि पिशवी उघडून दाखवली.

तिकडे आता दुपार असेल. मी दर पाच मिनिटांनी इनबॉक्स बघतेय. अजून काही नाही. मादाम त्याच दिवशी उत्तर देते, आणि आजचा दिवस तिचा अजून संपलेला नाही, म्हणून मी वाट बघतेय. आलं तर मी सगळ्यात आधी बघणार आहे की खाली काय लिहिलंय. पण ते आलं तरी उद्या सकाळी परचेसच्या खुर्चीत आबा नसणार, हे काही बदलत नाही.

बस निघाली एकदाची. तुम्ही सांगा ना, तुमच्या बाबतीत झालंय का कधी असं? सगळं बरोबर लिहिलंत, शब्द न् शब्द तपासलात, जिंकलातसुद्धा, आणि मग कळलं की त्याआधी फक्त एक फोन करायला हवा होता?